हजार मैलांचा सह्याद्री

सह्याद्रीची लांबी १६०० किलोमीटर असून तो सहा राज्यांतून जातो. महाराष्ट्रात शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य पाठ केलेलं असतं. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू ही नावं वरून खाली एका दमात म्हटली की दोन गुण मिळत. मीही ते मिळवले. वाक्यातला लांबीचा आकडा आणि राज्यांचा आकडा एकाच वेळी जन्मलेला नाही, हे लक्षात यायला मात्र बरीच वर्षं गेली. लांबीचा आकडा इंग्रजी अमदानीतला आहे, मैलांतला. राज्यांचा आकडा १९८७ सालचा आहे. दोघांच्या वयात पाऊणशे वर्षांहून जास्त अंतर आहे, आणि मधल्या काळात डोंगर एक तसूही हललेला नसताना त्याच्याभोवतीचा जवळजवळ सगळा नकाशा बदललेला आहे.

मी तळोज्यात राहतो. पावसाळ्यात एखाद्या सकाळी ढग फाटले की कारखान्यांच्या शेडच्या मागे पूर्वेला मलंगगडाचा सुळका दिसतो, त्याच्या उजवीकडे चंदेरी, मग माथेरानचा सपाट माथा, आणि आणखी उजवीकडे प्रबळगड, त्याला चिकटून कलावंतिणीचा सुळका. इथले लोक या सगळ्याला ‘सह्याद्री’ म्हणतात. खरा घाटमाथा, म्हणजे जिथे देश संपतो आणि कोकणात उतरावं लागतं तो कडा, इथून आणखी आत आहे. खंडाळा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. माथेरानची रांग आणि तो कडा यांच्यामध्ये उल्हास नदीचं खोरं, नेरळ, कर्जत आणि पुण्याकडे जाणारी रेल्वे एवढं सगळं पसरलेलं आहे. मग माझ्यासमोरचे डोंगर सह्याद्रीत धरायचे की नाही? हा प्रश्न मनात घेऊनच मी त्या १६०० च्या मागे लागलो.

१९१०-११ साली निघालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत वेस्टर्न घाट्सची नोंद आहे. तिच्यात लांबी दोन तुकड्यांत दिली आहे. तापीपासून पालघाटच्या खिंडीपर्यंत ८०० मैल, आणि तिथून द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकापर्यंत आणखी सुमारे २०० मैल. बेरीज हजार मैल. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, म्हणून हजार मैल म्हणजे १६०९ किलोमीटर. भारतात मेट्रिक मापं १९५८ च्या ऑक्टोबरापासून लागू व्हायला लागली आणि १९६२ पर्यंत मैल, शेर, मण सरकारी व्यवहारातून गेले. पुस्तकांतल्या मैलांचे किलोमीटर झाले आणि वरचे नऊ गळून पडले. माझ्या मते आपला १६०० तो हाच. मोजून आलेला आकडा इतका गोल क्वचितच असतो. इतका गोल आकडा बहुधा दुसऱ्या मापातल्या तितक्याच गोल आकड्याचा मुलगा असतो.

हे हजार मैल सुरू कुठून होतात, हे १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरने गावाच्या पत्त्यासारखं सांगितलं आहे. खानदेशच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली कोंडाईबारी. ‘बारी’ हा खानदेशातला शब्द, अर्थ खिंड. धुळ्याहून सुरतेला जाणारा आजचा महामार्ग याच बारीतून उतरतो, आणि तो घाट उतरताना ट्रकवाले अजूनही ब्रेकवर पाय ठेवूनच असतात. तिथे उभं राहिलं तर आपण एका महापर्वताच्या उंबऱ्यावर आहोत असं मुळीच वाटत नाही. टेकड्या बेताच्या, सागाचं रान, खाली नवापूरकडे मोकळी जमीन. लोणावळ्यात किंवा नाणेघाटात कडा जसा एकदम पायाखालून निसटतो तसं इथे होत नाही. उत्तरेकडे डोंगर संपतो की नुसता विरत जातो, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. ब्रिटानिका तापीचं नाव घेतं आणि गॅझेटियर कोंडाईबारीचं. तापी या बारीच्याही उत्तरेला आहे.

नावाचंही तसंच. घाट म्हणजे पायऱ्या, उतरण, डोंगरातून जाणारी वाट. कोकण आणि देश यांत ये-जा करणारा माणूस नाणेघाट चढायचा, बोरघाट उतरायचा. किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपियांना हा शब्द सतत कानावर पडला आणि वाटेचं नाव त्यांनी अख्ख्या डोंगराला देऊन टाकलं. आपल्याकडे डोंगराला सह्य, सह्याद्री ही जुनी नावं होतीच. पण व्यवहारात माणूस एवढ्या लांब डोंगराला एका नावाने हाक मारत नाही. तो आपल्या गडाचं, आपल्या घाटाचं नाव घेतो. ‘पश्चिम घाट’ नावाची अखंड वस्तू, तिला एक सुरुवात, एक शेवट आणि एक लांबी, ही गरज नकाशे काढणाऱ्यांची होती.

दक्षिणेकडचं टोक उत्तरेपेक्षा ठळक आहे. कन्याकुमारीच्या अगदी जवळ मरुन्तुवाळ मलै नावाची टेकडी आहे आणि तिच्यापुढे समुद्र. घोळ होतो तो मध्ये. निलगिरीच्या दक्षिणेला पालघाटची, म्हणजे आजच्या पालक्काडची खिंड आहे. तिथे डोंगर सपशेल तुटतो आणि रेल्वे व रस्ता जवळजवळ सपाटीवरून केरळातून तमिळनाडूत जातात. ब्रिटानिकाने या खिंडीची रुंदी २५ मैल दिली आहे, म्हणजे ४० किलोमीटर. युनेस्कोच्या नोंदीत तीच ३० किलोमीटर आहे. खिंडीच्या पलीकडे अनाईमलाई, आणि त्यातच अनाईमुडी, २६९५ मीटर, साऱ्या पश्चिम घाटातलं सर्वांत उंच शिखर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. खडकही वेगळा. महाराष्ट्रातला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या पठाराची तुटलेली कड. देशावरून कड्यापर्यंत चालत गेलं तर डोंगर चढल्यासारखं वाटतच नाही, एका क्षणी जमीनच संपते. दक्षिणेत मात्र फार जुन्या स्फटिकी खडकांचे सगळ्या बाजूंनी उठलेले खरे डोंगर आहेत. मैलांची बेरीज करताना या दोन्हींना एकाच माळेत ओवलं गेलं.

आता मोजमाप. एका रविवारी मी भिंतीवरचा नकाशा जमिनीवर अंथरला, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि एकच तुकडा मोजायला बसलो. इगतपुरी ते खंडाळा, म्हणजे थळघाटाचा माथा ते बोरघाटाचा माथा. दोरा सरळ ताणला तर अंतर सुमारे १०५ किलोमीटर आलं. मग तोच दोरा माथ्यावरच्या ओळखीच्या ठिकाणांवरून नेला. इगतपुरीहून रतनगड, तिथून हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, मग नाणेघाट, भीमाशंकर आणि शेवटी खंडाळा. रतनगडापर्यंत २७, कोकणकड्यापर्यंत १४, नाणेघाटापर्यंत १५ हून थोडं कमी, भीमाशंकरापर्यंत २८ च्या आसपास आणि खंडाळ्यापर्यंत ३९. एकूण १२० च्या वर, जवळजवळ १२३. मधे फक्त चार टाचण्या टोचल्या आणि अंतर १८ किलोमीटरनी वाढलं.

हेसुद्धा खरं अंतर नव्हे. ज्याने नाणेघाट ते भीमाशंकर घाटमाथ्याने पायी केलं आहे त्याला ठाऊक आहे की कडा सरळ जात नाही. प्रत्येक नाळेपाशी तो आत वळतो, प्रत्येक सोंडेवर बाहेर येतो. समोरचं टोक हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला अर्धा दिवस लागतो. टाचण्या चाराच्या चाळीस केल्या तर दोरा आणखी लांब लागेल, चारशे केल्या तर त्याहूनही. लुइस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला देशांच्या सीमांबाबत नेमकं हेच आढळलं होतं. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातली सीमा एकच, पण स्पेनच्या पुस्तकात ती ९८७ किलोमीटर होती आणि पोर्तुगालच्या पुस्तकात १२१४. कोणी खोटं बोलत नव्हतं. छोट्या देशाने छोट्या पट्टीने मोजलं होतं, एवढंच. म्हणून डोंगराची लांबी सांगताना किती मोठ्या पट्टीने मोजली हे सांगितलं नाही, तर तो आकडा अर्धाच राहतो.

हीच गोष्ट अख्ख्या सह्याद्रीला लावून पाहू. कोंडाईबारी २१ अक्षांशाच्या जरा वर आणि ७४ रेखांशाजवळ. कन्याकुमारी ८ अक्षांशाच्या जरा वर आणि साडेसत्याहत्तर रेखांशावर. उत्तर-दक्षिण फरक १३ अंशांचा, म्हणजे सुमारे १४४० किलोमीटर. पूर्वेकडचा कल साडेतीन अंशांहून थोडा कमी, म्हणजे त्या भागात सुमारे ३६५ किलोमीटर. पायथागोरसाच्या नियमाने कर्ण काढला की १४८५ च्या आसपास येतो. हे पक्ष्याचं अंतर. टोकं हीच धरली, तर सह्याद्री याहून आखूड असूच शकत नाही. ब्रिटानिकाचे हजार मैल या सरळ रेषेपेक्षा आठ टक्क्यांनी जास्त भरतात, म्हणजे मोजणाऱ्याने मोठीमोठी वळणं धरली आणि बारीक सोडून दिली. माझ्या इगतपुरी-खंडाळा दोऱ्याने चार टाचण्यांतच सोळा-सतरा टक्के वाढ दाखवली होती.

हे ध्यानात आलं की स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतला एक आकडा खटकायला लागतो. सह्याद्रीची महाराष्ट्रातली लांबी ४४० किलोमीटर, असं कित्येक पुस्तकांत छापलेलं असतं. साल्हेरचा किल्ला उत्तरेत, डांगच्या सीमेवर, पावणेएकवीस अक्षांशाच्या किंचित खाली. आंबोली दक्षिणेत, सोळा अक्षांशाच्या किंचित खाली. दोन्ही निःसंशय सह्याद्रीत आणि दोन्ही महाराष्ट्रात. त्यांच्यातलं नुसतं सरळ अंतरच सव्वापाचशे किलोमीटरांहून जास्त आहे. मग चारशे चाळीसमध्ये त्यांना कसं बसवायचं? दोरा आंबोलीपासून उत्तरेला नेला तर ४४० किलोमीटर त्र्यंबकेश्वरापाशी पुरे होतात. त्याच्यापुढचं बागलाण, साल्हेर-मुल्हेर, मांगी-तुंगी, सगळं बाहेर पडतं. या आकड्याचा उगम तिथेच आहे असा माझा दावा नाही, पण तो साल्हेर सोडल्याशिवाय खरा होत नाही, हे कोणीही पट्टी घेऊन पाहावं. बहुपर्यायी प्रश्नात ४४० वर खूण करणाऱ्या मुलांना गुण मिळतात, हे मला मनापासून खुपतं.

राज्यांच्या आकड्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती दोन टोकांपाशी उलगडते. १९०८ साली या डोंगरावर आजच्या अर्थाने राज्यं नव्हतीच. मुंबई इलाखा, मद्रास इलाखा, कुर्ग, म्हैसूर, कोचीन, त्रावणकोर, मधे पोर्तुगीजांचा गोवा. शिवाय कोल्हापूर, सावंतवाडी आणि घाटाच्या वर-खाली दोन्हीकडे मुलूख असलेलं भोर. ‘किती राज्यांतून जातो’ हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर उत्तर देणाऱ्याची बोटं संपली असती.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि हे सगळं आवळलं गेलं. कुर्ग, कारवार आणि दक्षिण कानडा म्हैसूर राज्यात गेले. मलबार आणि त्रावणकोर-कोचीन मिळून केरळ झालं. पण त्रावणकोरचं दक्षिण टोक केरळात गेलं नाही. तिथले लोक तमिळ बोलणारे. अगस्तीश्वरम, तोवळै, कल्कुळम आणि विळवंकोड हे चार तालुके मद्रास राज्याला जोडले गेले आणि त्यांचा कन्याकुमारी जिल्हा झाला. निलगिरी आणि अनाईमलाईचा पूर्वेकडचा भाग मद्रासकडे आधीपासून होताच. १९५६ पर्यंत त्रावणकोरात असलेलं सह्याद्रीचं शेवटचं टोक मात्र एका दिवसात दुसऱ्या राज्यात गेलं. त्या दिवसानंतर डोंगरावरची राज्यं मोजली तर चार भरत होती. मुंबई, म्हैसूर, केरळ, मद्रास. पाचवा गोवा, पण तो परका.

उत्तर टोकाची पाळी चार वर्षांनी आली. डांगचं रान इंग्रजांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं होतं. सागासाठी. त्या राजांच्या वंशजांना आजही होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात मानधन मिळतं. स्वातंत्र्यानंतर डांग मुंबई राज्यात आला. मुंबई राज्य फुटणार हे दिसू लागलं तसा प्रश्न उभा राहिला, की डांगी बोली मराठीजवळची की गुजरातीजवळची? नाशिककडची बाजारपेठ, बागलाणाशी सोयरीक, बोलण्यातले मराठी शब्द यांच्या आधारे मराठी लोक डांग मागत होते. दुसऱ्या बाजूने सुरतेचा व्यापार आणि शाळांतली गुजराती पुढे केली जात होती. डांगी माणसाच्या जिभेवर दोन्हीकडचे शब्द होते, आणि त्याचं स्वतःचंही एक बोलणं होतं, जे या दोन खात्यांपैकी कोणत्याच खात्यात धड बसत नव्हतं. १ मे १९६० ला डांग गुजरातला गेला. पश्चिम खानदेशातली १५६ आणि ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली ५० गावंही तिकडे गेली.

सह्याद्री गुजरातमधून जातो हे वाक्य त्या दिवशी खरं झालं. कोंडाईबारी महाराष्ट्रातच राहिली. म्हणजे गॅझेटियरचा पत्ता धरला तर सह्याद्रीचं पहिलं राज्य आजही महाराष्ट्रच आहे, आणि गुजरात यादीत येतो तो मुख्यतः डांगच्या उतारांमुळे आणि सापुताऱ्यामुळे. ‘तापीपासून’ असं ढोबळ म्हटलं की गुजरात आपोआप पहिल्या क्रमांकावर जातो. पुस्तकं नावं उत्तरेकडून सांगतात म्हणून ‘गुजरात’ आधी येतं. डांग मराठी मुलखात राहावा म्हणून हयातभर झगडलेल्या माणसांनी ही यादी कोणत्या भावनेने वाचली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

उरलेलं भराभर घडलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश म्हणून. १९६९ मध्ये मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं, १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक. ३० मे १९८७ ला गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला आणि यादी सहावर येऊन थांबली. त्याआधीच्या पुस्तकात ‘सहा राज्ये’ लिहिलं असतं तर ते चूक ठरलं असतं.

तरीही ‘सहा’ हा आकडा सगळीकडे चालत नाही. १९७४-७५ मध्ये नियोजन आयोगाने पश्चिम घाट विकास कार्यक्रम सुरू केला. पैसे वाटायचे तर हद्द हवी, म्हणून तालुका हे माप धरलं गेलं. त्या कार्यक्रमात पुढे १७१ तालुके होते. महाराष्ट्रातले ६३, कर्नाटकातले ४०, तमिळनाडूतले ३३, केरळातले ३२ आणि गोव्यातले ३. गुजरातचा एकही नाही. त्या खात्याच्या दृष्टीने सह्याद्री पाचच राज्यांतला. १ जुलै २०१२ ला सेंट पीटर्सबर्गला युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नोंदीच्या वर्णनात सहा राज्यं, १६०० किलोमीटर आणि सुमारे १ लाख ४० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. पण प्रत्यक्ष वारसा म्हणून जी ३९ ठिकाणं निवडली ती चारच राज्यांत आहेत. केरळात २०, कर्नाटकात १०, तमिळनाडूत ५ आणि महाराष्ट्रात ४. आपली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. सगळी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातली. नाशिक, पुणे, रायगडचा सह्याद्री त्यात नाही, गोवा आणि गुजरातही नाहीत.

खरा तंटा मात्र लांबीवरून झालाच नाही. तो रुंदीवरून झाला. २०१० च्या मार्च महिन्यात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. तिचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये आला. समितीला आधी हद्द आखावी लागली. पूर्वेकडची कड ठरवताना ५०० मीटर उंची आणि जंगल ही कसोटी धरली. पश्चिमेकडे डोंगर झपकन उतरतो म्हणून तिथे १५० मीटर. या मापाने घाटाची लांबी १४९० किलोमीटर आणि क्षेत्र १ लाख २९ हजार ३७ चौरस किलोमीटर निघालं. सर्वांत रुंद २१० किलोमीटर तमिळनाडूत, सर्वांत अरुंद ४८ किलोमीटर महाराष्ट्रात. हे १४९० आपल्या १४८५ च्या सरळ रेषेला जवळजवळ चिकटून आहेत, हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल. अशा अभ्यासात डोंगर हा क्षेत्र म्हणून मोजला जातो, माथ्यावरून फिरणारी रेषा म्हणून नव्हे. क्षेत्राच्या लांबीला नाळा आणि सोंडा लागत नाहीत.

गाडगीळ समितीच्या शिफारशी राज्यांना पचल्या नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला गेला आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात लांबी १५०० किलोमीटर, म्हणजे दहाच किलोमीटर जास्त. पण क्षेत्र १ लाख ६४ हजार २८० चौरस किलोमीटर, १८८ तालुके. दोन वर्षांत डोंगर ३५ हजार चौरस किलोमीटरांनी फुगला, आणि लांबी तेवढीच राहिली. फुगला तो आडवा. कारण एका गटाने उंची आणि जंगल धरलं, दुसऱ्याने तालुक्याच्या सीमा धरल्या. तालुका घेतला की त्यातली सपाट शेतंही घाटात येतात.

पण मोठं क्षेत्र धरलं म्हणून संरक्षण वाढलं नाही. गाडगीळ समितीने जवळजवळ सगळ्या क्षेत्राची कमी-जास्त संवेदनशील अशी प्रतवारी केली होती. कस्तुरीरंगन गटाने आपल्या मोठ्या क्षेत्राचे दोन भाग केले. एक माणसाच्या वावराचा, शेती-वस्तीचा आणि दुसरा नैसर्गिक. संवेदनशील म्हणून फक्त नैसर्गिक भागातला हिस्सा घेतला, सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर. मार्च २०१४ च्या मसुदा अधिसूचनेत तो ५६ हजार ८२५ वर आला. त्यातले महाराष्ट्राचे १७ हजार ३४०, कर्नाटकाचे २० हजार ६६८, आणि ज्या गुजरातचं नाव आपण आधी घेतो त्याचे फक्त ४४९. छेद मोठा करून अंश लहान ठेवला, तर वाचणाऱ्याला सगळा डोंगर कवेत आल्यासारखा वाटतो. ‘पश्चिम घाटाचे इतके टक्के संरक्षित’ असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न विचारावा, पश्चिम घाट किती धरला? त्याशिवाय टक्क्यांना अर्थ नाही. मसुदा त्यानंतर २०१५, २०१७, २०१८, २०२२ मध्ये पुन्हा निघाला, आणि ३१ जुलै २०२४ ला सहाव्यांदा. आदल्याच दिवशी पहाटे वायनाडमध्ये डोंगर खचून गावं गाडली गेली होती.

आता माझ्यासमोरचे डोंगर. घाटमाथ्याची रेषा हाच सह्याद्री मानला तर मलंगगड, चंदेरी, माथेरान बाहेर राहतात, कारण उल्हासचं खोरं मधे येतं. १५० मीटर उंची आणि जंगल ही कसोटी लावली तर त्यांचे रानाचे उतार आत येतात आणि समुद्रसपाटीच्या जेमतेम वर असलेली तळोज्याची सपाटी बाहेर राहते. खडकाला विचारलं तर तो दोन्हीकडे एकच आहे, खंडाळ्याला जे थर दिसतात तेच माथेरानच्या कड्यात दिसतात. कडा कधीकाळी इकडे होता आणि झिजत झिजत आत सरकला, मागे हे तुकडे राहिले. माथेरानभोवतीचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा तर २००३ सालीच स्वतंत्रपणे संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे, पश्चिम घाटाच्या कोणत्याही समितीची वाट न पाहता.

माझ्या भिंतीवरच्या नकाशाला आता इगतपुरी ते खंडाळा अशी टाचण्यांची भोकं पडली आहेत. गेल्या आठवड्यात मी आणखी काही टोचल्या, आजोबा, आहुपे, ढाक. दोरा १२३ वरून पुन्हा पुढे सरकला. डब्यातला दोरा संपत आला म्हणून तेवढ्यावर थांबलो.